क्विंटलचा खर्च एकराच्या उताऱ्यावर ठरतो: कृषिमूल्य आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोग, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूस उत्पादक आहे. 2024-25 च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव जाहीर झाला, तेव्हा मध्यम धाग्याला 7,121 रुपये आणि लांब धाग्याला 7,521 रुपये असा भाव होता. त्यासोबत एक दुसराही आकडा आला होता, त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तो उत्पादन खर्चाचा आकडा होता: क्विंटलला 4,747 रुपये. त्यावर पन्नास टक्के धरले की 7,121 होतात, म्हणून दीडपट भाव दिला असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी, 2025-26 साठी, हाच खर्च 5,140 झाला आणि भाव 7,710. गुणाकार दोन्ही वर्षी बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र त्या गुणाकाराच्या आधीच्या आकड्याबद्दल आहे. तो कोणत्या शेतात लागू पडतो आणि कोणत्या शेतात पडत नाही, हे एका एकराचा हिशोब मांडून तुमच्यापुढे ठेवतो.

शेतकरी क्विंटलवर खर्च करत नाही, तो एकरावर करतो. नांगरटीचे पैसे एकराचे, बियाणं एकराचं, खत एकराचं, निंदणही एकराचं. त्या एकरात किती क्विंटल निघणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. क्विंटलचा खर्च हा सगळं झाल्यावर, शेवटच्या वेचणीनंतर केलेला भागाकार आहे. वरचा आकडा बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठरून जातो आणि खालचा आकडा पाऊस, बोंडअळी आणि जमिनीची खोली मिळून ठरवतात. तुमच्या अहवालात वरच्या आकड्याची भरपूर चिरफाड असते. खालच्या आकड्यावर मात्र बाहेर कुणी बोलत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

आता तो एकर. मध्यम काळी जमीन, विहीर नाही, सगळं पावसावर. दर 2024 च्या खरिपातले, आमच्या भागात चालणारे. घरच्या माणसांनी केलेलं कामही बाहेरच्या मजुरीच्या दरानेच धरलं आहे, म्हणजे तुमच्या ए-टू अधिक एफएलशी, म्हणजे रोख खर्च अधिक घरच्या श्रमाचं मोल या हिशोबाशी, तुलना सरळ होईल.

जमीन तयार करण्यापासून सुरुवात करू. मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या काढायला 800, ट्रॅक्टरची नांगरट 1,600, रोटावेटर 1,000 आणि काकर पाडायला 400, असे 3,800 रुपये मृगाच्या आधीच जातात. पूर्वी घरची बैलजोडी होती तेव्हा यातला बराच खर्च चाऱ्यात आणि श्रमात दडलेला असे. आता गावात बैलजोड्या मोजक्या उरल्या आहेत, त्यामुळे हा सगळा रोख खर्च झाला.

बियाणं हा यातला सगळ्यात पारदर्शक भाग. सरकी बियाण्याची किंमत केंद्र सरकार ठरवतं. 2024 ला बीजी-टूचं 475 ग्रॅमचं पाकीट 864 रुपयांना होतं, 2025 ला ते 901 झालं. एकरी दोन पाकिटं धरली तर 1,728. टोबणीला 900 आणि नांग्या भरायला 500 मजुरी. सगळे मिळून सुमारे 3,100. लोकांना वाटतं बीटी बियाण्यामुळे कापूस महाग झाला. खर्चाच्या यादीत बियाणं खालून दुसरं आहे. बियाण्याचा खरा खर्च त्याच्या किमतीत नाही, ते दोनदा टाकावं लागतं तेव्हा कळतो. जूनच्या पहिल्या सरीवर टोबणी केली आणि नंतर पंधरा-वीस दिवस उघाड पडली की उगवलेलं रोप माना टाकतं. मग पुन्हा दोन पाकिटं, पुन्हा टोबणी: 2,628 रुपये जास्तीचे. आणि तो पैसा गेल्यावर पीक तीन आठवडे उशिरा धरतं, म्हणजे बोंडं भरायच्या वेळी जमिनीत ओल कमी राहते. दुबार पेरणीत भागाकारातला वरचा आकडा वाढतो आणि खालचा घटतो, एकाच वेळी.

खताला चार हजार. डीएपीची एक गोणी 1,350, 10:26:26 ची एक 1,470, युरियाच्या दोन गोण्या 533, बाकी टाकायची मजुरी. डीएपी वेळेवर मिळाली नाही तर दुसरं मिश्र खत घ्यावं लागतं, किंवा सोबत नको असलेली एखादी बाटली घ्यावी लागते. तो पैसा मी यात धरलेला नाही.

सगळ्यात जास्त पैसा तणात जातो, हे शहरातल्या वाचकाला सांगून खरं वाटत नाही. एका तणनाशकाचे 800, तीन-चार डवरणीचे 2,000 आणि दोन निंदणांचे 4,000. एकूण 6,800. कापसाच्या ओळी रुंद असतात, पीक सुरुवातीचे दीड-दोन महिने जमीन झाकत नाही, त्यामुळे मोकळ्या जागेत तण पिकाच्या पुढे पळतं. श्रावणात झड लागली की डवरा शेतात जात नाही आणि बायांना चिखलात बसता येत नाही. आठवडाभर थांबलं की जे निंदण आठ बायांत होतं त्याला बारा लागतात. तणनाशकाला दाद न देणाऱ्या पऱ्हाटीचं बेकायदा बियाणं गावोगाव का पोहोचलं, याचं उत्तर या 4,000 रुपयांत आहे. मी त्याचं समर्थन करत नाही, पण कारण माहीत असलं पाहिजे.

फवारण्या पाच धरल्या, औषध आणि मजुरी मिळून सरासरी 900 प्रमाणे 4,500. सुरुवातीच्या दोन मावा-तुडतुड्यासाठी, स्वस्त. शेवटच्या दोन-तीन गुलाबी बोंडअळीसाठी, महाग. पीककर्जाचं व्याज, फवारणीचा पंप, दोर, ताडपत्री यांची झीज मिळून 1,300.

एवढ्याची बेरीज 23,500 रुपये. यातला प्रत्येक रुपया पहिलं बोंड फुटायच्या आधी किंवा त्याच सुमारास खर्च झालेला आहे. पुढे तीन क्विंटल निघाले तरी तो तेवढाच, दहा निघाले तरी जवळपास तेवढाच.

क्विंटलबरोबर वाढतो तो खर्च म्हणजे वेचणी आणि वाहतूक. वेचणीचा दर एकच असतो असं समजू नका. दिवाळीच्या आसपास पहिला वेचा येतो तेव्हा झाड पांढरं झालेलं असतं, एक बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस काढते, आणि किलोला 9 रुपयांत काम होतं. दुसऱ्या वेच्याला 11. तिसऱ्या वेच्याला, डिसेंबर-जानेवारीत, बोंडं विरळ असतात, अर्धी किडकी असतात, दिवसभर वाकूनही पंधरा-वीस किलोच होतात. मग बाया किलोच्या हिशोबाने यायला तयार नसतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात त्यांचा रोज पडत नाही. किलोला 15 द्यावे लागतात, नाहीतर रोजाने लावून तो 20 वर जातो. पाच क्विंटलचं पीक धरा: पहिल्या वेच्याचे दोन क्विंटल 1,800 रुपयांत, दुसऱ्याचे दोन 2,200 रुपयांत, तिसऱ्याचा एक 1,500 रुपयांत. एकूण 5,500, म्हणजे क्विंटलला 1,100. शेतातून घरी, घरून बाजारात, हमाली-तोलाई धरून आणखी 200. तर प्रत्येक क्विंटलमागे 1,300 रुपये.

आता भागाकार करा. दहा क्विंटल आले तर क्विंटलचा खर्च 3,650. आठ आले तर 4,238. सहा आले तर 5,217. पाच आले तर 6,000. चार आले तर 7,175. तीन आले तर 9,133. एकर एकच, शेतकरी एकच, खर्चाची वही एकच, आणि क्विंटलचा खर्च साडेतीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंत कुठेही. शिवाय शेवटचा आकडा मी कमीच धरला आहे. तीन क्विंटलच्या पिकात बोंडं पहिल्या वेच्यापासूनच विरळ असतात, तिथे 11 रुपयांत कुणी वेचत नाही.

तुमचा 4,747 चा आकडा या वहीत कुठे बसतो ते मी शोधलं. एकरी 6.8 क्विंटलला बसतो. म्हणजे हेक्टरी सुमारे 17 क्विंटल. विहीर असलेल्या शेताला, खोल काळ्या जमिनीला, चांगल्या पावसाच्या वर्षी तो खरा आहे. महाराष्ट्राच्या कोरडवाहू कापसाचा नेहमीचा उतारा मात्र एकरी चार-पाच क्विंटलच्या आसपास फिरतो, आणि आपल्या राज्यातला बहुतेक सगळा कापूस कोरडवाहू आहे. मध्यम धाग्याच्या 7,121 भावात माझा खर्च भरून निघायला चार क्विंटलच्या थोडं वर लागतात. लांब धाग्याच्या 7,521 मध्ये पावणेचारच्या थोडं वर. म्हणजे आमच्याकडच्या साधारण वर्षात जो उतारा येतो तो नफ्या-तोट्याच्या अगदी काठावर उभा असतो. दीडपटीचा इथे संबंधच येत नाही.

मग खर्चाची सरासरी एवढी खाली कशी येते? पाण्यामुळे. माझ्या शेजारच्या शेताला विहीर आहे. तिथे ठिबकचा दरवर्षीचा वाटा, नळ्यांची दुरुस्ती, पाणी द्यायची मजुरी मिळून 4,500 आणि पाण्याच्या भरवशावर टाकलेलं जास्तीचं खत 2,500, असा माझ्यापेक्षा 7,000 रुपये जास्त खर्च होतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात 2024 पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळे विजेचे पैसे यात नाहीत. रात्रीच्या पाळीला जाऊन बारं धरणाऱ्या माणसाची झोप आहे, ती वेगळी. त्या एकराचा खर्च 30,500 होतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर बोंडं भरायच्या वेळी त्याला दोन पाणी मिळतात आणि त्याला दहा क्विंटल होतात. क्विंटलचा खर्च 4,350. जास्त खर्चाचा एकर, आणि क्विंटल माझ्यापेक्षा 1,650 रुपयांनी स्वस्त. सिंचनाचा खर्च वाढला म्हणजे कापूस महाग पडतो, असा एक सरळ समज आहे. कापसात ते उलटं आहे. महाग पडतो तो पाणी न मिळालेला कापूस.

आता आम्हा दोघांची सरासरी तुमच्या पद्धतीने काढू. त्याचे दहा क्विंटल, माझे पाच. एकूण खर्च 43,500 अधिक 30,000, भागिले पंधरा. आले 4,900. दोघांची माणसं म्हणून सरासरी काढली असती तर 5,175 आली असती, पण क्विंटलांचं वजन धरलं की ज्याच्याकडे क्विंटल जास्त त्याचं वजन जास्त. त्या 4,900 ची दीडपट 7,350. या भावाला शेजाऱ्याला खर्चावर 69 टक्के मिळाले, मला साडेबावीस. ज्याला तीनच क्विंटल झाले त्याला क्विंटलमागे 1,783 रुपये तोटा झाला. तिघांनाही सांगितलं गेलं की तुम्हाला खर्चावर पन्नास टक्के मिळाले. ते तिघांपैकी एकाच्याही बाबतीत खरं नाही.

राज्यांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. राज्याराज्यांचे खर्च एकत्र करताना त्यांच्या उत्पादनातल्या वाट्याचं वजन लावलं जातं. पंजाब-हरियाणातला कापूस जवळजवळ सगळा ओलिताचा, गुजरातमध्येही ओलिताचा भाग मोठा. महाराष्ट्राचं क्षेत्र देशात सगळ्यात जास्त, पण हेक्टरी उतारा कमी, म्हणून क्षेत्राच्या मानाने आमचं वजन हलकं पडतं. भाव देशभर एकच असावा, हे मला मान्य आहे. राज्यागणिक भाव वेगळे ठेवले तर कापूस ट्रकमध्ये बसून सीमा ओलांडेल. भावाचा आकडा एक असू द्या. खर्चाचा आकडा मात्र एक नाही, आणि तो एक असल्यासारखा सांगू नये, एवढंच म्हणणं आहे.

पाण्याखालोखाल दुसरी गोष्ट ठोक्याची, म्हणजे दुसऱ्याची जमीन करायला घेताना द्यायच्या भाड्याची. आमच्याकडे कोरडवाहू जमिनीचा ठोका एकरी दहा हजारांच्या घरात आहे, आणि तो बहुतेक वेळा पेरणीच्या आधी रोख द्यावा लागतो. ठोक्याने करणाऱ्याचा एकराचा ठरलेला खर्च 23,500 वरून 33,500 होतो. पाच क्विंटल आले तर त्याचा क्विंटल 8,000 ला पडतो. लांब धाग्याच्या हमीभावाला खर्च फिटायलाच त्याला 5.4 क्विंटल लागतात. तुम्ही म्हणाल, दिलेला ठोका ए-टूमध्ये धरलेलाच आहे. धरलेला आहे, पण पाहणीतल्या शंभर शेतकऱ्यांत ठोक्याने करणारे थोडे असले की त्यांनी दिलेला पैसा सगळ्या शंभरांवर पसरतो आणि सरासरीत काही रुपयांचा होऊन बसतो. ज्याने दिला त्याच्यासाठी तो दर क्विंटलला 2,000 असतो. स्वतःच्या जमिनीचं भाडं सी-टू या मोठ्या खर्चात येतं, ते धरावं की नाही हा वाद 2006 मध्ये राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या शिफारशी आल्यापासून चालू आहे आणि मी सी-टूच्याच बाजूचा आहे. पण तो वाद सुटेपर्यंत ठोकेकऱ्याने थांबायचं कारण नाही. त्याने ते पैसे हातोहात मोजून दिलेले आहेत. त्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून बँकेचं पीककर्ज नसतं, म्हणून त्याचं व्याजही सावकारी असतं. गावात आज कापूस करणाऱ्यांत हा माणूस वाढतो आहे.

तिसरी गोष्ट जरा लांबची वाटेल, पण ती याच भागाकारातून निघते. जानेवारीत कृषी विभाग सांगतो की पऱ्हाटी उपटून टाका, फरदड घेऊ नका, म्हणजे तीच झाडं उभी ठेवून पुन्हा कापूस काढू नका, कारण शेतात उभ्या राहिलेल्या बोंडांत गुलाबी अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. 2017 मध्ये या अळीने आमच्या भागात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तरी ज्याच्याकडे थोडं पाणी आहे तो फरदड घेतो. का? कारण 23,500 आधीच गेलेले आहेत. त्याच्या वहीत सरासरी क्विंटल 6,000 ला पडला असेल, पण फरदडीचा पुढचा क्विंटल त्याला फक्त वेचणी आणि एक-दोन पाणी, म्हणजे दोन-अडीच हजारांत पडतो. हलका कापूस, कवडी मिसळलेला, तरी साडेपाच हजारांना जातो. उतारा कमी आला की फरदडीची ओढ जास्त, आणि फरदड जास्त की पुढच्या वर्षी फवारण्या जास्त, उतारा आणखी कमी. ज्या वर्षी सप्टेंबरचा पाऊस लांबून खालची बोंडं सडतात, त्या वर्षी ही ओढ सगळ्यात मोठी असते. शेतकऱ्याला अडाणी ठरवून हे चक्र मोडणार नाही. तो त्याच्या बाजूने हिशोबी वागतो आहे.

या अळीचा खर्चावर परिणाम ओळखायची एक खूण आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा बोंडं किडलेली निघाली, की फवारणी करायची, असं सांगितलेलं आहे. हे पाहणारा शेतकरी पाच फवारण्यांत भागवतो. न पाहता शेजाऱ्याने मारली म्हणून मारणारा आठ मारतो, आणि अळी बोंडात शिरून गेल्यावर मारतो. त्याचे 2,700 रुपये जास्त जातात आणि उतारा तरीही पडतो. पाहणीत हा खर्च कीटकनाशकांच्या एका रकान्यात जातो. तो वेळेवर झाला की वाया गेला, हे त्या रकान्यात दिसत नाही.

आता मागणी काय, ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: हमीभावाबरोबर जो खर्चाचा एक आकडा जाहीर होतो, त्याच्या शेजारी त्याच ठळक अक्षरांत तो कोणत्या उताऱ्याला लागू आहे ते छापा, आणि कापसासाठी कोरडवाहू आणि ओलीत असे दोन खर्च वेगळे द्या. पिकाच्या खर्चाची देशव्यापी पाहणी 1970-71 पासून चालू आहे. ज्या शेतांची वही वर्षभर भरली जाते, त्या शेताला पाणी आहे की नाही हे त्या वहीत आहेच. नवीन पाहणीची गरज नाही, असलेली माहिती वेगळी मांडायची आहे. शक्य असेल तर सरासरीसोबत हेही सांगा, की पाहणीतल्या किती कापूस शेतांचा स्वतःचा खर्च जाहीर झालेल्या हमीभावाच्या वर गेला. हा एक आकडा आमच्यासाठी पानभर तक्त्यांपेक्षा जास्त बोलेल.

दुसरी: ठोक्याने करणाऱ्यांचा खर्च वेगळा काढा. सरासरीत विरघळवू नका.

तिसरी: वेचणी मजुरीच्या मोठ्या बेरजेतून बाहेर काढून स्वतंत्र दाखवा, आणि ती वेच्यांनुसार नोंदवा. पाच क्विंटलच्या पिकात एकूण खर्चाचा जवळपास पाचवा भाग एकट्या वेचणीत जातो. हातात धरून वापरायची वेचणी यंत्रं आली, त्यांनी आमच्या पिकात बायांच्या हाताची जागा घेतलेली नाही, कारण आमच्या वाणांची बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार महिने टप्प्याटप्प्याने फुटतात. हा खर्च ज्या वेगाने वाढतो, त्याच्याकडे वेगळं लक्ष ठेवायलाच हवं. निंदणाच्या आणि वेचणीच्या हंगामात रात्री जागल करून रानडुकरं आणि रोही हाकलणाऱ्या घरच्या माणसाचे तासही त्यातच कुठेतरी मोजा. आमच्या भागात त्याशिवाय पीक घरी येत नाही.

चौथी: पूर्ण वाया गेलेल्या एकराचं काय करता, ते लिहून सांगा. ज्याच्याकडे क्विंटलच नाही त्याचा प्रति क्विंटल खर्च निघत नाही. शून्याने भागाकार होत नाही. पण त्याचे वीस-बावीस हजार गेलेले असतात. अशी शेतं हिशोबात राहतात की गळतात, हे सामान्य शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत अहवालात यावं.

आणि एक गोष्ट तुमच्यापुढे नाही, तुमच्यामार्फत सरकारपुढे ठेवायची आहे. भाव क्विंटलवर मिळतो, म्हणून भाव शंभर रुपयांनी वाढला की दहा क्विंटलवाल्याला हजार मिळतात आणि तीन क्विंटलवाल्याला तीनशे. ज्याचा खर्च सगळ्यात जास्त, त्याला वाढ सगळ्यात कमी. हमीभाव वाढला पाहिजे, पण कोरडवाहू कापसाचं दुखणं केवळ हमीभावाने बरं होणार नाही, हे माझ्या वहीतल्या भागाकारानेच मला शिकवलं. माझ्या एकराला बोंडं भरायच्या वेळी दोन पाणी मिळाले आणि उतारा पाचवरून सातवर गेला, तर जास्तीचे 3,000 रुपये खर्चूनही क्विंटल 6,000 वरून 5,086 वर येतो. नऊशे रुपयांचा फरक. एवढी हमीभावाची वाढ एका वर्षात क्वचितच होते. शेततळं, तुषार संच, आणि दिवसा वीज, ही कोरडवाहू कापसाच्या खर्चावरची कामं आहेत, आणि आयोगाने आपल्या शिफारशींत ती भावाच्या इतक्याच स्पष्टपणे, प्रति क्विंटल किती खर्च वाचतो या आकड्यासह लिहावीत. आयोगाचा आकडा दिल्लीत ऐकला जातो, आमच्या वहीतला जात नाही.

वरचे दर आमच्या भागातले आहेत. परभणीत निंदणाचा दर वेगळा असेल, जळगावात वेचणीचा. खर्चाची मांडणी बदलणार नाही. आपल्या पुढच्या खरीप अहवालासाठी राज्यांशी आणि शेतकऱ्यांशी चर्चा होते तेव्हा कोरडवाहू कापसाचा हा हिशोब पटलावर घ्यावा, आणि चर्चेला बोलावताना ओलितवाल्या मोठ्या शेतकऱ्यांसोबत ठोक्याने करणारा एक आणि वेचणीला जाणारी एक बाई, यांनाही खुर्ची द्यावी. वहीची पानं मी पाठवायला तयार आहे, बिलांसह.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कोरडवाहू कापूस उत्पादक